पाचशे शब्द कमी करताना

आमच्या विभागात पदवीच्या तिसऱ्या वर्षाला इतिहासाचा एक दीर्घ निबंध लिहावा लागतो. मर्यादा २००० शब्दांची, तळटीपा धरून. मन लावून काम केलेल्या विद्यार्थ्याचा पहिला खर्डा अडीच हजारांच्या आसपास जातो आणि मग निबंध देण्याच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत पाचशे शब्द काढायचे काम उरते. या पुस्तिकेत असे काही निबंध दोन रूपांत छापले आहेत. डावीकडच्या पानावर मूळ खर्डा, उजवीकडे कमी केलेला. प्रस्तावनेत मी त्यांतला एकच निबंध उघडून दाखवणार आहे, कारण पाचवा हिस्सा कमी करायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे एखाद्या निबंधाच्या आत शिरल्याशिवाय कळत नाही.

हे प्रमाणच अडचणीचे आहे. वीसात एक शब्द कमी करायचा असता तर वाक्ये आवळून काम झाले असते. निम्मा निबंध कमी करायचा असता तर तो नव्याने लिहावा लागेल हे कुणालाही पटले असते. पाचवा हिस्सा या दोन्हींच्या मधे पडतो. वाक्ये कितीही आवळली तरी तो पुरा होत नाही आणि नव्याने लिहायला कुणी धजावत नाही. मग विद्यार्थी परिच्छेद उचलून टाकू लागतो. घाईत जो परिच्छेद वाचायला रुक्ष वाटतो तो आधी जातो आणि रंगलेला राहतो. युक्तिवादाचा सांधा मात्र पुष्कळदा त्या रुक्ष परिच्छेदातच असतो.

निबंधाचा विषय १८७५ चे दख्खनचे दंगे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी आठवड्याच्या बाजाराला जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत तसेच घडले. सरकारने चौकशी आयोग नेमला, त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. पदवीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात एवढे सापडते. आमच्या विद्यार्थिनीने त्यापुढचा प्रश्न विचारला होता. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या कर्जबाजारी होते, तर मग जमाव सावकाराच्या अंगावर जाण्याऐवजी त्याच्या कागदांवर का गेला? बहुतेक गावांत रोखे आणि वह्या मागितल्या गेल्या, हाती आल्यावर त्या जाळल्या गेल्या आणि सावकाराने त्या मुकाट्याने दिल्या तर त्याला सहसा हात लागला नाही. त्या कागदांत असे काय होते?

हा चांगला प्रश्न आहे आणि तिचे उत्तरही चांगले होते. शब्द काढायला बसण्यापूर्वी मी तिला ते उत्तर खर्डा मिटून, चार वाक्यांत लिहायला सांगितले. तिने लिहिले ते असे. रयतवारीत शेतसारा रोखीने भरावा लागे आणि पीक बुडाले तरी तो ठरलेलाच असे, म्हणून शेतकऱ्याला सावकाराकडे जाणे भाग होते. १८६५ नंतर कापसाचे भाव उतरले तेव्हा सावकारांनी हात आखडता घेतला आणि जुन्या कर्जांचा तगादा लावला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे रोखा तीनच वर्षे चाले, म्हणून सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेत आणि थकलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून चढे. न्यायालय मागचा हिशेब न पाहता समोरचा रोखा पाही, तेव्हा कर्ज आता कागदात राहत होते, आणि जमावाने ते जिथे राहत होते तिथेच गाठले.

ही चार वाक्ये खर्डा न पाहता लिहिता आली नाहीत, तर निबंध लांब झाला आहे यापेक्षा मोठी अडचण आहे, आणि शब्द काढून ती सुटत नाही. इथे ती लिहिता आली. मग आम्ही खर्ड्याच्या आठ परिच्छेदांच्या शेजारी त्यांतले शब्द मोजून लिहिले. प्रस्तावना ३१०, रयतवारीची पार्श्वभूमी ४२०, कापसाची तेजी आणि मंदी ३३०, मुदतीचा कायदा आणि न्यायालये ३००, सुप्याची घटना आणि तिचा प्रसार ३८०, कागदांवरच्या हल्ल्याचा पुरावा २९०, आक्षेप आणि त्याचे उत्तर २२०, समारोप २५०. बेरीज २५००. आता चार वाक्यांतले कोणते वाक्य कोणत्या परिच्छेदात येते ते पाहिले. रयतवारीच्या ४२० शब्दांवर चारांतल्या एका वाक्याचा भार होता. युक्तिवादाचा सगळा जोर ज्यावर होता ते तिसरे वाक्य ३०० शब्दांत बसले होते, तेही अवघडून. शब्द कुठे जास्त झाले आहेत हे एवढ्यावरूनच दिसले. वाचताना ते दिसत नाही, कारण वाचताना प्रत्येक परिच्छेद आपापल्या जागी खरा आणि उपयोगी वाटतो.

रयतवारीच्या परिच्छेदात तिने पुष्कळ वाचन ओतले होते. पेशवाईच्या अखेरीनंतरची व्यवस्था, १८२० च्या दशकात इंदापूरकडे झालेली प्रिंगलची फसलेली मोजणी, १८३६ पासूनची गोल्डस्मिड आणि विंगेट यांची नवी आकारणी, तीस वर्षांची मुदत आणि ती संपल्यावर १८६७ पासून झालेली फेरआकारणी. सगळे खरे आणि सगळे विषयाच्या जवळचे. युक्तिवादाला मात्र यातून तीनच गोष्टी हव्या होत्या: सारा रोखीचा होता, तो पिकाप्रमाणे हलत नव्हता, आणि दंग्यांच्या आधीच्या दशकात तो वाढला होता. प्रिंगल गेला, त्याचे अपयश गेले, विंगेटच्या पद्धतीचे वर्णन गेले. इंदापूरची फेरआकारणी राहिली, कारण वाढ कधी झाली याला तारीख लागते. ४२० चे २३० झाले, म्हणजे एका ठिकाणी १९० शब्द सुटले. विद्यार्थ्यांना इथे सर्वांत जास्त दुखते, कारण हे कष्टाने मिळवलेले असते. पण परीक्षकाला प्रिंगल माहीत असतो. विद्यार्थ्याला तो माहीत आहे एवढे कळवण्यासाठी ठेवलेला मजकूर त्याला लगेच ओळखू येतो.

कापसाच्या परिच्छेदात ६० शब्द सापडले, आणि तेही आडवाटेला. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६१ ला सुरू झाले, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, पश्चिम हिंदुस्थानातल्या कापसाचा भाव चढला आणि सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. १८६५ ला युद्ध संपले आणि हे सगळे उलटले. एवढे हवेच. पण तेजीत मुंबईत बॅक बेच्या समुद्रात भर घालण्याच्या कंपनीचे शेअर कसे भडकले आणि कसे कोसळले, याची चार वाक्ये तिने लिहिली होती, कारण ती गोष्ट रंगतदार आहे. सुप्याच्या शेतकऱ्याच्या रोख्याशी तिचा इथे धागा जोडलेला नव्हता. ती चार वाक्ये गेल्यावर परिच्छेदातले एकही वाक्य मागे वळून त्यांच्याकडे पाहत नव्हते. मजकूर फालतू होता की नाही, हे ठरवण्याची याहून भरवशाची खूण मला माहीत नाही.

आता तो रुक्ष परिच्छेद. १८५९ चा कायदा, तीन वर्षांची मुदत, नवे रोखे, न्यायालयातला पुरावा. स्वतःहून शब्द काढायला बसली तेव्हा विद्यार्थिनीने सर्वांत आधी इथेच पेन चालवले होते. तिच्या पहिल्या प्रयत्नात तीन वर्षांनी रोखा बदलण्याचे वाक्य गाळले गेले होते आणि त्याच्या जागी ‘कायद्यामुळे शेतकऱ्यांची स्थिती अधिकच बिघडली’ असे छोटे वाक्य आले होते. शब्द वाचले, पण निबंध संपला. कायदा व्याज साचू नये म्हणून केलेला होता आणि तोच व्याज साचवण्याचे साधन बनला, ही उलथापालथ त्या गाळलेल्या वाक्यात होती. ती नसेल तर जमावाने कागद का जाळले याचे कारणच वाचकाच्या हाती येत नाही. मग जाळलेले कागद नुसता तपशील होतात आणि निबंध दंग्यांची हकिगत सांगून थांबतो.

म्हणून आम्ही या परिच्छेदातून काही काढले नाही, उलट वीस शब्द घातले. शंभर रुपयांचा रोखा तीन वर्षांनी बदलताना त्यात थकलेले व्याज चढले की नवा रोखा किती रुपयांचा होई आणि पुढचे व्याज कशावर चाले, हे एका वाक्यात सांगितले. ३०० चे ३२० झाले. एकूण निबंध आखूड होत असताना त्यातला एक परिच्छेद वाढावा हे विद्यार्थ्यांना चमत्कारिक वाटते. पण सगळ्या परिच्छेदांतून सारखाच पाचवा हिस्सा कापला तर आधीचा बेतोलपणा तसाच उरतो, फक्त लहान आकारात. आधी रयतवारीला कायद्याच्या जवळजवळ दीडपट जागा मिळाली होती. आता कायद्याला रयतवारीहून जास्त जागा मिळाली. युक्तिवाद शाबूत राहिला असे मी म्हणतो तेव्हा मला हेही म्हणायचे असते की जागेची वाटणी त्याच्या बाजूने झाली.

सुप्याच्या घटनेचे ३८० शब्द होते, त्यांचे ३०० झाले. पोलीस आणि फौज कधी आली, कोणत्या तालुक्यानंतर कोणता पेटला, ही यादी आटोपशीर केली. जमावाने काय मागितले आणि ते मिळाल्यावर काय केले, हे जिथे येते ती वाक्ये जशीच्या तशी ठेवली. पुराव्याच्या पुढच्या २९० शब्दांना हातच लावला नाही.

आक्षेपाच्या परिच्छेदाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण पाचशे शब्दांच्या शोधात असलेल्या माणसाला २२० शब्दांचा असा सुटा परिच्छेद मोहात पाडतो. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये एका लेखात असे मांडले की हे दंगे मुळात मर्यादित होते आणि त्यांचे महत्त्व नंतर फुगवले गेले. हा परिच्छेद अख्खा काढला तर जवळजवळ निम्मे काम एका झटक्यात होते आणि वाचणाऱ्याला काही तुटल्याचे जाणवतही नाही. पण या निबंधात तो परिच्छेद एक काम करत होता. दंगे लहान होते हे मान्य करूनही जमावाने कशाला हात घातला हा प्रश्न उरतोच, असे तिचे उत्तर होते. आक्षेप गेला की ही मान्यताही जाते, आणि मग दख्खनचा सगळा शेतकरी उठला होता असे निबंध न बोलता सुचवू लागतो. तेवढे सिद्ध करण्याइतका पुरावा तिच्याकडे नव्हता. म्हणून तो परिच्छेद राहिला. त्यातून फक्त दहा शब्द गेले.

हीच गोष्ट लहान प्रमाणात ‘बहुतेक ठिकाणी’, ‘सहसा’, ‘आयोगाच्या मते’ अशा शब्दांची आहे. शब्द मोजत बसलेल्या माणसाला ते भरतीचे वाटतात. ‘बहुतेक गावांत रोखे मिळाल्यावर हिंसा झाली नाही’ या वाक्यातून पहिले दोन शब्द काढून पाहा. वाक्य ठाम होते आणि खोटे होते, कारण काही ठिकाणी सावकारांची घरेही जाळली गेली. दोन शब्दांच्या बचतीसाठी असे एक वाक्य निबंधात आले की जाणकार परीक्षक तिथे पेन्सिलीने खूण करतो आणि पुढचे सगळे संशयाने वाचतो. मर्यादा सांगणारे शब्द शेवटपर्यंत ठेवावेत. खरेच काढायचे असतील तर ज्या विधानाला ते बांधलेले आहेत ते विधानच काढावे.

प्रस्तावनेच्या ३१० शब्दांतून ११० गेले. भारत हा कृषिप्रधान देश आहे इथून सुरू होऊन ब्रिटिश राजवटीच्या एकूण परिणामांवरून सुप्यापर्यंत येणारा पहिला भाग होता, तो सगळा गेला. आता निबंध थेट जाळलेल्या रोख्यांपासून सुरू होतो. समारोपातून ७० शब्द गेले. त्यात प्रस्तावनेतलीच वाक्ये थोड्या फरकाने परत आली होती. पण तिथेच एक वाक्य अडगळीत पडले होते, ते आम्ही वर आणले. १८७९ च्या कायद्याने न्यायालयाला रोख्यामागचा हिशेब तपासण्याची मुभा दिली. म्हणजे फक्त कागद पाहण्यात घोटाळा आहे हे कायदा करणाऱ्यांनीही मानले होते. तिच्या म्हणण्याला इतका जवळचा दुसरा आधार निबंधात नव्हता, आणि तो ‘अशा प्रकारे’ने सुरू होणाऱ्या वाक्यांच्या गर्दीत हरवला होता.

आता बेरीज जुळते. एकशे दहा, एकशे नव्वद, साठ, ऐंशी, दहा आणि सत्तर मिळून पाचशे वीस गेले, वीस आले. २००० शब्द उरले.

यातले काही शब्द अर्थातच वाक्ये आवळून मिळाले, पण ते काम शेवटी केले. जो परिच्छेद उद्या जाणार आहे त्यातली वाक्ये आज घासण्यात रात्र घालवू नये. मराठीत लिहिणाऱ्यांसाठी इथे एक मोठी खाण आहे. पाठ्यपुस्तकांची आणि सरकारी अहवालांची भाषा वाचून वाचून आपली वाक्ये फुगलेली असतात. खर्ड्यात एक वाक्य होते: ‘ब्रिटिश शासनाच्या माध्यमातून लागू करण्यात आलेल्या रयतवारी पद्धतीच्या अंतर्गत शेतकऱ्यांकडून रोख स्वरूपात महसूल वसूल करण्यात येत असे.’ सतरा शब्द. त्याचे झाले: ‘रयतवारीत सरकार शेतकऱ्यांकडून महसूल रोखीने घेई.’ सहा शब्द. अकरा शब्द वाचले आणि शिवाय वाक्याला कर्ता मिळाला. ‘करण्यात आले’, ‘वसूल करण्यात येत असे’ या रचनांत कोणी केले हे लपून जाते. ज्या निबंधाचा प्रश्नच कोणी काय केले हा आहे, तिथे कर्ता परत आणणे हा युक्तिवादाचाच भाग आहे. ‘कर्ज वाढत गेले’ लिहिण्यापेक्षा ‘सावकार व्याज मुद्दलात मिळवत’ लिहिले की कर्ज कशामुळे वाढले हे वेगळे सांगावे लागत नाही.

संगणक मोकळ्या जागांवरून शब्द मोजतो, हे मुलांना लवकर कळते, आणि मग ‘रोखानूतनीकरणप्रक्रिया’ असे लांबलचक समास जन्माला येतात. मजकूर तळटीपेत ढकलण्याचाही प्रयत्न होतो. तळटीपा मोजायच्या की नाही, मर्यादेवर दहा टक्के सूट आहे की एकही शब्द जास्त चालत नाही, हे प्रत्येक विभाग आपले ठरवतो आणि ते आधी विचारून घ्यावे. पण जोडलेल्या शब्दांनी आणि कोंबलेल्या टीपांनी निबंध आखूड होत नाही, तो फक्त वाचायला जड होतो.

शब्द काढून झाल्यावर निबंध कुठे तुटला हे शोधण्याची एक साधी रीत आहे. कमी केलेल्या खर्ड्यात ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘यावरून’, ‘ही तरतूद’, ‘या धोरणाने’, ‘वर पाहिल्याप्रमाणे’ हे शब्द शोधावेत आणि प्रत्येक ठिकाणी मागे वळून पाहावे, की ज्याच्याकडे बोट दाखवले आहे ते अजून निबंधात आहे का. या निबंधात सहाव्या परिच्छेदात ‘या फेरआकारणीच्या असंतोषामुळे’ असे येत होते, आणि असंतोषाचे वर्णन रयतवारीच्या परिच्छेदातून गेले होते. ते वाक्य अर्धवट लोंबकळत राहिले होते. लिहिणाऱ्याला ते दिसत नाही, कारण गेलेला मजकूर त्याच्या डोक्यात अजून असतो. म्हणून हे वाचन एका बैठकीनंतर लगेच न करता मधे रात्र जाऊ द्यावी, आणि जमले तर मूळ खर्डा न वाचलेल्या मित्राला निबंध वाचायला देऊन त्याच्याकडून युक्तिवाद चार वाक्यांत लिहून घ्यावा. आमच्या विद्यार्थिनीने तो वर्गातल्या एका मैत्रिणीला दिला. तिच्या चार वाक्यांत तिसरे वाक्य, दर तीन वर्षांनी नव्या होणाऱ्या रोख्याचे, सर्वांत लांब होते.

या रीतीने प्रत्येक निबंध वाचतो असे नाही. या पुस्तिकेतला शेवटचा निबंध महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’वर आहे आणि त्यात दोन युक्तिवाद आहेत, एक शेतकऱ्यांच्या कर्जाविषयी, दुसरा नोकरशाहीतल्या जातीविषयी. दोन्ही चांगले, आणि २००० शब्दांत दोन्ही मावत नाहीत. तिथे परिच्छेदांशेजारी आकडे लिहून काही सुटले नाही, कारण चार वाक्ये लिहायला बसल्यावर सात लिहिली गेली आणि सातांतले एकही दुसऱ्यावर टेकलेले नव्हते. त्या विद्यार्थ्याला कर्जाचा युक्तिवाद ठेवून दुसरा संपूर्ण बाजूला काढावा लागला आणि त्याबरोबर शीर्षक, प्रस्तावना आणि समारोप नव्याने लिहावे लागले. त्याची दोन्ही रूपे शेजारी ठेवून वाचताना उजवीकडच्या पानावर निबंधाचे नावच वेगळे दिसेल. काढलेला अर्धा भाग त्याने जपून ठेवला आहे आणि पदव्युत्तर वर्षात तो त्यावर स्वतंत्र निबंध लिहितो आहे.